पायाच्या धमन्यांचा डॉपलर आलेख कसा वाचावा: आधी चढ, मग उतार

कळवण, निफाड किंवा दिंडोरीहून फिजिशियन मित्रांचा फोन येतो तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: "रिपोर्टमध्ये डाव्या पायाला मोनोफेजिक फ्लो लिहिला आहे, म्हणजे वर कुठेतरी ब्लॉक आहे, असंच ना?" नाशिकमध्ये रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना या प्रश्नाला मी नेहमी उलट प्रश्न विचारतो, तो असा की आलेखाचा चढ कसा आहे. बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये त्याविषयी एक अक्षरही नसते. म्हणून या लेखात मी पायाच्या धमन्यांच्या स्पेक्ट्रल आलेखातील तीन गोष्टींकडे कोणत्या क्रमाने पाहावे, आणि दिसायला सारखे वाटणारे दोन मोनोफेजिक आलेख अगदी वेगळ्या गोष्टी कशा सांगतात, हे एका रुग्णाच्या आधारे सांगणार आहे. लेख मुख्यतः सोनोग्राफी शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि असे रिपोर्ट हाती येणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. रुग्णांनी तो जरूर वाचावा, परंतु त्यावरून स्वतःच्या पायाचा निष्कर्ष काढू नये.

निरोगी पायाचा आलेख

स्पेक्ट्रल आलेखात आडव्या अक्षावर वेळ असतो आणि उभ्या अक्षावर रक्ताचा वेग असतो. मधली आडवी रेषा म्हणजे बेसलाइन. तिच्या एका बाजूला पावलाकडे जाणारा प्रवाह दिसतो, तर दुसऱ्या बाजूला मागे, हृदयाकडे फिरणारा. विश्रांती घेत असलेल्या निरोगी माणसाच्या मांडीतील धमनीचा आलेख पाहिला, तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो बेसलाइनवरून जवळजवळ सरळ वर जातो, टोकदार शिखर गाठतो, तितक्याच झपाट्याने खाली येतो, बेसलाइन ओलांडून थोडा वेळ उलट्या बाजूला जातो आणि मग पुन्हा लहानशा लाटेने वर येऊन शांत होतो. या तीन हालचालींमुळे त्याला ट्रायफेजिक म्हणण्याची पद्धत पडली.

मधला उलटा प्रवाह का येतो, हे नीट समजले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. आराम करणाऱ्या पायाच्या स्नायूंना रक्ताची फारशी गरज नसते, त्यामुळे त्यांच्यातील सूक्ष्म धमनिका आकुंचित असतात. वरून जोराने आलेली रक्ताची लाट या अरुंद दारांवर आदळते आणि तिचा काही भाग परत फिरतो. म्हणजे उलटा प्रवाह हे खालची दारे बंद असल्याचे, अर्थात खालचा रोध जास्त असल्याचे लक्षण आहे. दारे उघडली की उलटा प्रवाह नाहीसा होतो आणि डायस्टोलमध्येही रक्त पुढेच वाहत राहते. ही दारे मात्र एकाच कारणाने उघडत नाहीत. व्यायामाने, उष्णतेने आणि जंतुसंसर्गाने ती उघडतात, तशीच वरून येणारा पुरवठा तुटपुंजा झाल्यावर भुकेल्या स्नायूंनी ती उघडी ठेवल्यामुळेही उघडतात. उलटा प्रवाह गेला एवढ्यावरून यांपैकी कोणते कारण आहे ते कळत नाही.

तिसरी लहान लाट धमनीच्या भिंतीच्या लवचिकपणावर अवलंबून असते. सत्तरीतल्या, ताठर धमन्या असलेल्या माणसात ती अनेकदा दिसत नाही, आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते. या कारणानेच २०२० साली अमेरिकेतील सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर मेडिसिन आणि सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड या दोन संस्थांनी एकत्र येऊन जी परिभाषा मांडली, तिच्यात ट्रायफेजिक आणि बायफेजिक हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून मल्टिफेजिक हा एकच शब्द सुचवला. बेसलाइन ओलांडणारा आलेख मल्टिफेजिक आणि न ओलांडणारा मोनोफेजिक. त्यापुढे चढ जलद आहे की मंद, आणि रोध जास्त आहे, मध्यम आहे की कमी, हेही लिहावे असे त्यांनी सुचवले. मला ही पद्धत पटते, कारण तिच्यात मोनोफेजिक या शब्दावर वाक्य संपवता येत नाही.

प्रोब ठेवण्याआधी

रुग्ण सीबीएस बसस्थानकावर उतरून भरभर चालत आला, वर दोन जिने चढला आणि त्याला लगेच टेबलावर घेतले, तर निरोगी पायाचा आलेखही मोनोफेजिक दिसू शकतो, कारण स्नायूंची दारे अजून उघडीच असतात. म्हणून तपासणीपूर्वी १० ते १५ मिनिटे आडवे पडून विश्रांती द्यावी. डिसेंबर-जानेवारीतील नाशिकची सकाळ याच्या उलट त्रास देते. गार पडलेल्या पावलांत धमनिका घट्ट मिटतात, पावलातील धमन्यांचा वेग खूप कमी मिळतो आणि प्रवाहच नाही असा भास होऊ शकतो. अशा वेळी पायांवर पांघरूण घालून, खोलीतील एसी बंद करून थांबावे. मी पाय हाताला कोमट लागेपर्यंत पावलाचा आलेख घेत नाही.

रुग्णाला पाठीवर झोपवून, गुडघा किंचित वाकवून पाय बाहेरच्या बाजूला कलता ठेवावा. जांघेपासून घोट्यापर्यंत लिनियर प्रोब पुरतो. पोटातील इलियाक धमन्या पाहायच्या असतील तर कर्व्हिलिनियर प्रोब लागतो.

यंत्राच्या मांडणीत चार गोष्टी आलेखाचा आकार बिघडवतात. पहिली म्हणजे कोन. सॅम्पल व्हॉल्यूम धमनीच्या मधोमध, दीड ते दोन मिलिमीटर रुंदीचा ठेवावा, कोनाची रेषा भिंतीला समांतर ठेवावी आणि कोन ६० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. प्रत्यक्ष कोन ६० असताना रेषा चुकून ६५ वर ठेवली, तर ९० सेंटिमीटर प्रतिसेकंदाचा वेग सुमारे १०६ दिसतो. हीच पाच अंशांची चूक ७० वर झाली, तर तोच वेग ११९ दिसतो. अरुंदपणाचे निदान वेगाच्या आकड्यावर बेतलेले असल्यामुळे ही चूक महागात पडते.

दुसरी गोष्ट वॉल फिल्टर, आणि हिच्याविषयी थोडे थांबून सांगायला हवे. भिंतीच्या हालचालीचा आवाज कापण्यासाठी हा फिल्टर अतिशय मंद वेगांचे संकेत पुसून टाकतो. डॉपलरचे साधे समीकरण असे आहे:

```
v = (f × c) / (2 × f0 × cos θ)
```

यात f म्हणजे वारंवारतेतील बदल, c म्हणजे ऊतींमधील ध्वनीचा वेग, म्हणजे १५४० मीटर प्रतिसेकंद, f0 म्हणजे प्रोबची वारंवारता आणि θ म्हणजे कोन. वारंवारता ५ मेगाहर्ट्‌झ, कोन ६० अंश आणि फिल्टर १५० हर्ट्‌झ असेल, तर सुमारे ४.६ सेंटिमीटर प्रतिसेकंदाखालचे सगळे वेग पडद्यावरून नाहीसे होतात. फिल्टर ५० हर्ट्‌झवर आणला की ही मर्यादा दीड सेंटिमीटरवर येते. डायस्टोलमधील मंद प्रवाह, आणि कधी कधी उलट्या प्रवाहाचा अखेरचा भाग, याच पट्ट्यात असतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मानेच्या धमन्यांसाठी लावलेली मांडणी न बदलताच मी एका रुग्णाचा पाय तपासला होता. घोट्याच्या धमनीत डायस्टोलमध्ये काहीच दिसेना, म्हणून मी रोध जास्त असल्याचे लिहिले. दुसऱ्या दिवशी प्रतिमा पुन्हा पाहताना कोपऱ्यातील फिल्टरचा आकडा नजरेस पडला. रुग्णाला पुन्हा बोलावले, फिल्टर खाली आणला, आणि डायस्टोलभर संथपणे पुढे वाहणारा प्रवाह बेसलाइनलगत स्वच्छ दिसला. निष्कर्ष पूर्ण उलटला. तेव्हापासून प्रोब हातात घेण्याआधी मी तो आकडा वाचतो.

तिसरी गोष्ट स्केल. ती इतकी मोठी ठेवू नये की आलेख बेसलाइनला चिकटलेल्या गवतासारखा दिसेल, आणि इतकी लहानही नको की शिखर कापले जाऊन दुसऱ्या बाजूने उगवेल. आलेखाने उपलब्ध उंचीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग व्यापावा. चौथी गोष्ट स्वीप स्पीड. पडदा २५ मिलिमीटर प्रतिसेकंदाने सरकत असेल तर १०० मिलिसेकंदांचा चढ जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद दिसतो, आणि त्यात जलद-मंद असा भेद करणे अवघड होते. १०० मिलिमीटरवर तोच चढ एक सेंटिमीटर रुंद होतो. ताल पाहायचा असेल तर मंद स्वीप ठीक आहे, परंतु चढ मोजताना मी वेग वाढवूनच घेतो.

वाचण्याचा क्रम

बहुतेकांची नजर प्रथम बेसलाइनकडे जाते आणि टप्पे मोजले जातात. मी शिकवताना हा क्रम मुद्दाम बदलतो आणि सर्वांत आधी चढ पाहायला सांगतो, कारण चढ त्या जागेच्या वर काय घडले आहे ते सांगतो.

हृदयाने ढकललेली लाट मोकळ्या नळीतून आली तर ती आपला तीक्ष्णपणा टिकवून येते आणि आलेख भिंतीसारखा उभा चढतो. वाटेत मोठा अडथळा असेल, तर लाटेची ऊर्जा तिथे खर्च होते, उरलेले रक्त अरुंद फटीतून किंवा वळसे घेणाऱ्या पर्यायी लहान वाहिन्यांतून पाझरत पुढे येते, आणि पलीकडच्या लवचिक भिंती ती लाट आणखी बोथट करतात. मग आलेख टेकडीच्या उतारासारखा रेंगाळत चढतो, शिखर गोलसर होते आणि उंचीही कमी भरते. इंग्रजी पुस्तकांत याला टार्डस पार्व्हस म्हणतात, म्हणजे उशिरा येणारा आणि छोटा.

चढाला लागलेला वेळ मोजता येतो. लाट बेसलाइन सोडते त्या बिंदूपासून पहिल्या शिखरापर्यंतचे अंतर मिलिसेकंदांत घ्यायचे, याला अ‍ॅक्सेलरेशन टाइम म्हणतात. जांघेतील कॉमन फेमोरल धमनीत तो साधारण १४० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर वरच्या इलियाक धमन्यांत किंवा महाधमनीत अडथळा आहे का, हे शोधावे. पावलातील प्लांटर धमन्यांसाठी १२० पर्यंत सामान्य, आणि १८० च्या पुढे मध्यम ते गंभीर, असे वर्गीकरण वापरले जाते. या मापाचा मोठा फायदा असा की वेळ कोनावर अवलंबून नसतो. कोनाची रेषा थोडी चुकली तर वेगाचा आकडा बदलेल, पण चढाचा कालावधी तोच राहील. वेडीवाकडी, कॅल्शियम साचलेली, कोन नीट न बसणारी घोट्याची धमनी वाचताना हा गुण फार उपयोगी पडतो.

चढानंतर डायस्टोलकडे वळावे, कारण त्या जागेच्या खाली काय आहे ते डायस्टोल सांगतो. उलटा प्रवाह असेल तर खालचा रोध जास्त, म्हणजे विश्रांतीतील पायात अपेक्षित तसाच. डायस्टोलभर पुढे वाहणारा प्रवाह असेल तर खालची दारे उघडी आहेत. आणि चढ जलद पण शिखर बुटके, अरुंद, त्यानंतर डायस्टोलमध्ये काहीच नाही, म्हणजे दारावर एकदाच थाप मारून थांबल्यासारखा आलेख असेल, तर थोडे खाली धमनी पूर्ण बंद असण्याची शक्यता मोठी असते. ध्वनीतही हा फरक ऐकू येतो, म्हणून स्पीकर बंद ठेवून डॉपलर करू नये.

शेवटी शिखराखालची मोकळी जागा पाहावी. निरोगी धमनीच्या मध्यभागी बहुतेक रक्तपेशी जवळजवळ एकाच वेगाने जातात, त्यामुळे आलेखाची कड बारीक रेषेसारखी आणि खाली काळी खिडकी दिसते. अडथळ्यात आणि त्याच्या लगेच पुढे प्रवाह खळाळतो, निरनिराळ्या वेगांचे कण एकत्र येतात आणि खिडकी भरून जाते. मात्र गेन जास्त ठेवला किंवा सॅम्पल व्हॉल्यूम रुंद ठेवला तरीही ती भरते, म्हणून केवळ खिडकीवरून मी कधीच निष्कर्ष काढत नाही.

एक रुग्ण, दोन मोनोफेजिक आलेख

दिंडोरी तालुक्यातील बासष्ट वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार तपासणीला आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चौदा वर्षांपासून मधुमेह, आणि तंबाखू त्याहून जुनी. "काका, दुखतं नेमकं कुठं?" असे विचारल्यावर त्यांनी उजव्या पोटरीवर हात ठेवला. "बागेत दोन ओळी चाललो की इथं गोळा येतो डॉक्टरसाहेब, मेटाकुटीला येतो. जरा उभं राहिलं की जातो." डाव्या पायात असे दुखणे नव्हते, पण अंगठ्याला काटा लागून झालेली जखम चिघळली होती, पाऊल लाल आणि गरम होते. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर, म्हणजे एबीआय, उजवीकडे ०.९८ आणि डावीकडे १.४६ होते. आकडा पाहून उजवा पाय जवळपास ठीक वाटतो. परंतु मधुमेहात घोट्याच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, कफ फुगवला तरी त्या दबत नाहीत आणि दाब खोटा जास्त येतो. डावीकडील १.४ च्या पुढचा आकडा याचीच खूण होती, आणि ती खूण पाहिल्यावर उजवीकडच्या ०.९८ वरही विश्वास ठेवता येत नव्हता.

मी प्रत्येक पायात प्रथम तीनच ठिकाणी आलेख घेतो: जांघेत, गुडघ्यामागे आणि घोट्यावर. संपूर्ण धमनी पाहायचीच असते, पण या तीन थांब्यांवरून अडथळा कोणत्या टप्प्यात आहे ते आधी कळते.

उजव्या जांघेत आलेख मल्टिफेजिक, सर्वोच्च वेग १०४ सेंटिमीटर प्रतिसेकंद आणि चढ ८० मिलिसेकंद. म्हणजे पोटातील धमन्यांत लाट बोथट करण्याइतका अडथळा नाही. गुडघ्यामागे पॉप्लिटियल धमनीत चित्र पार बदलले. आलेख मोनोफेजिक, शिखर गोल, वेग अवघा ३८, चढ १७० मिलिसेकंद आणि डायस्टोलभर मंद प्रवाह पुढे चाललेला. घोट्यावर पोस्टिरियर टिबियल धमनीत वेग २६ आणि चढ १९०. जांघेत लाट तीक्ष्ण आणि गुडघ्यामागे बोथट, याचा अर्थ अडथळा या दोन थांब्यांच्या मध्ये, मांडीत आहे. डायस्टोलमधला प्रवाह सांगत होता की पोटरीचे स्नायू पुरवठा कमी असल्यामुळे विश्रांतीतही दारे उघडी ठेवून आहेत.

मग मांडीतील सुपरफिशियल फेमोरल धमनी वरपासून इंच इंच पाहिली. वरच्या भागात वेग ९२, मधल्या भागात ८६, आलेख अजून मल्टिफेजिक. मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागात, जिथे धमनी अ‍ॅडक्टर कॅनालमधून मागे वळते, तिथे रंगांचा खळखळाट दिसला आणि सॅम्पल व्हॉल्यूम ठेवताच वेग ३४४ पर्यंत गेला, खिडकी पूर्ण भरलेली. ही जागा खोल असते आणि इथे अडथळे वारंवार सापडतात, त्यामुळे प्रतिमा धूसर आहे म्हणून ती ओलांडून जाऊ नये.

आता या आकड्याचे काय करायचे? केवळ ३४४ पाहून ठरवण्यापेक्षा अडथळ्यातील सर्वोच्च वेगाला त्याच्या लगेच वरच्या निरोगी भागातील वेगाने भागावे. इथे ३४४ भागिले ८६ म्हणजे ४. हे गुणोत्तर २ झाले की धमनीचा व्यास निम्म्याहून अधिक अरुंद झाला असे मानतात, आणि ४ च्या आसपास किंवा पुढे गेले की अरुंदपणा ७५ टक्क्यांच्या वर असल्याचे मानण्याचा प्रघात आहे. गुणोत्तराचा लाभ असा की हृदय कमजोर असेल किंवा रक्तदाब कमी असेल, तर दोन्ही ठिकाणचे वेग सारखेच खाली येतात आणि भागाकार फारसा ढळत नाही. मात्र दोन्ही ठिकाणी कोन शक्यतो सारखा ठेवावा लागतो.

डाव्या पायात जांघेतील आलेख मल्टिफेजिक, वेग ११० आणि चढ ७५ मिलिसेकंद. गुडघ्यामागे वेग ८४, उलटा प्रवाह लहान झालेला पण शाबूत. घोट्यावर मात्र पोस्टिरियर टिबियल धमनीचा आलेख मोनोफेजिक. बेसलाइनखाली काहीही नाही, डायस्टोलच्या अखेरीसही २२ सेंटिमीटर प्रतिसेकंदाचा प्रवाह पुढे चाललेला. केवळ टप्पे मोजणाऱ्याने इथे उजव्या घोट्यासारखेच लिहिले असते. पण चढ पाहा: ७० मिलिसेकंद, उभा, टोकदार, आणि शिखर ९६ पर्यंत. लाट वरून तीक्ष्णच येत होती. दारे उघडली होती ती पावलातील जंतुसंसर्गाने, पुरवठा तुटल्यामुळे नव्हे. घोट्याच्या धमनीची भिंत कॅल्शियमने पांढरीशुभ्र दिसत होती आणि काही ठिकाणी तिच्या सावलीत आतले काहीच दिसत नव्हते, तरी सावलीच्या वर आणि खाली चढ सारखाच तीक्ष्ण असल्यामुळे मधल्या झाकलेल्या तुकड्यात मोठा अडथळा नसल्याचे म्हणता आले. सावली आली की मी हेच करतो. दिसत नाही त्या भागाविषयी अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्याच्या पलीकडचा आलेख घेतो.

जखम असलेल्या पायाला अँजिओप्लास्टी लागेल, असे गृहीत धरून त्यांना पाठवण्यात आले होते. आलेखाने मात्र उलट सांगितले. जखमेच्या पायाला रक्त पुरेसे होते, तिथे निचरा, ड्रेसिंग आणि प्रतिजैविके हवी होती. रक्ताची वाट अरुंद होती ती जखम नसलेल्या पायाची.

कुठे फसगत होते

वरची रीत बऱ्याचदा साथ देते, पण काही ठिकाणी ती दगा देते, आणि ती ठिकाणे ठाऊक असायला हवीत.

दोन्ही पायांत जांघेतच चढ मंद असेल, तर दोन्ही इलियाक धमन्या किंवा महाधमनी बाधित असू शकते, पण दोष हृदयातही असू शकतो. महाधमनीची झडप अरुंद असेल किंवा हृदयाचे आकुंचन क्षीण असेल, तर लाट मुळातच बोथट निघते. अशा वेळी हाताच्या ब्रेकियल धमनीत एक आलेख घ्यावा. तिथेही चढ रेंगाळलेला असेल तर पायाच्या धमन्यांना दोष देण्याआधी इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी. नाडी अनियमित असेल तर प्रत्येक ठोक्याचे शिखर वेगळे येते, म्हणून एकाच ठोक्यावर भिस्त न ठेवता पाचसहा ठोक्यांची सरासरी घ्यावी.

जांघेतील चांगला आलेख पाहून वरचे सारे निर्दोष आहे असे ठामपणे लिहू नये. व्यास निम्म्याहून कमी अरुंद झाला असेल तर विश्रांतीत लाटेचा आकार बिघडत नाही. लक्षणे इलियाक धमनीकडे बोट दाखवत असतील, म्हणजे चालताना नितंब किंवा मांडी दुखत असेल, तर पोटातील धमन्या प्रत्यक्ष पाहाव्यात किंवा चालवून पुन्हा तपासावे. याच्या उलट बाजूला, धमनी अगदी केसाएवढी उरली की तिच्यातील वेग वाढण्याऐवजी घटतो. तिथे ३०० ची वाट पाहत बसलो तर सर्वांत वाईट अडथळा हातून निसटतो. आणि एकापाठोपाठ दोन अडथळे असतील, तर दुसऱ्याच्या वरचा वेग आधीच पडलेला असल्यामुळे आकडे आणि गुणोत्तर दोन्ही भ्रम निर्माण करतात. तिथे प्रतिमा, रंग आणि पलीकडचा चढ एकत्र पाहावे लागतात.

संसर्ग आणि अडथळा एकाच पायात असणे मधुमेहात अजिबात दुर्मीळ नाही. दोन्ही असतील तर डायस्टोलमधील प्रवाह दोन्ही कारणांनी वाढलेला दिसेल, पण चढ मंदच राहील, कारण संसर्ग बोथट झालेली लाट पुन्हा तीक्ष्ण करू शकत नाही. अशा पायाला लाल आणि गरम आहे म्हणून रक्तपुरवठा उत्तम आहे असे समजणे धोक्याचे ठरते.

आणि एक प्रसंग असा आहे की जिथे आलेखाचे बारकावे वाचत बसायचे नसते. पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला, असह्य दुखू लागला, बोटे हलेनाशी झाली आणि धमनीत प्रवाह मिळत नाही, तर हा काही तासांत पाय गमावण्याचा प्रश्न असतो. तपासणी लांबवू नये, थेट व्हॅस्क्युलर सर्जनला फोन करावा आणि रुग्णाला त्याच क्षणी पुढे पाठवावे.

रिपोर्टची भाषा

दिंडोरीच्या त्या काकांच्या रिपोर्टमध्ये उजव्या पायाविषयी असे लिहिले: जांघेत आलेख मल्टिफेजिक व चढ जलद; सुपरफिशियल फेमोरल धमनीच्या खालच्या तिसऱ्या भागात वेग ८६ वरून ३४४ सेंटिमीटर प्रतिसेकंद, गुणोत्तर ४, अरुंदपणा ७५ टक्क्यांहून अधिक असण्याची शक्यता; त्याखाली घोट्यापर्यंत आलेख मोनोफेजिक, चढ मंद, रोध कमी. डाव्या पायाविषयी: घोट्यावर आलेख मोनोफेजिक, परंतु चढ जलद व रोध कमी, पावलातील संसर्गामुळे वाढलेल्या प्रवाहाशी सुसंगत, वर लक्षणीय अडथळा आढळला नाही, संसर्ग आटोक्यात आल्यावर पुन्हा तपासणी करावी. एबीआयचे आकडे कॅल्शियममुळे विश्वसनीय नसल्याचेही स्वतंत्र वाक्यात नोंदवले, आणि पायाच्या बोटाचा रक्तदाब घेण्याची सूचना केली, कारण बोटांच्या धमन्यांत कॅल्शियम तुलनेने कमी साचते.

सहा आठवड्यांनी ते पुन्हा आले तेव्हा डाव्या अंगठ्याची जखम भरत आली होती आणि पाऊल गार-गरम असे काही न लागता नेहमीसारखे होते. फिल्टर, स्केल आणि स्वीप पहिल्या वेळेइतकेच ठेवून घोट्यावर त्याच जागी सॅम्पल व्हॉल्यूम ठेवला. शिखराच्या पाठोपाठ आलेख बेसलाइनखाली उतरला, लहानसा पण स्पष्ट. दारे पुन्हा मिटली होती. उजव्या मांडीतील अडथळा दरम्यान फुग्याने उघडण्यात आला होता, आणि गुडघ्यामागचा चढ १७० वरून ९० मिलिसेकंदांवर आला होता.